शिरस्त्राण, विशेषण आणि समीक्षेचा अधिकार

‘इलियड’च्या सहाव्या सर्गातील हेक्टर आणि अँड्रोमकी यांच्या भेटीचा प्रसंग पदव्युत्तर वर्गात शिकवताना मी अनेक वर्षे एक निरीक्षण मोठ्या विश्वासाने मांडत आलो. हेक्टरचे ठरलेले विशेषण ‘कोरुथाइओलोस’, म्हणजे झळाळत्या शिरस्त्राणाचा. सर्गभर हे विशेषण त्याच्या नावामागे येत राहते. मग तो तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना पाहून मूल किंचाळून दाईच्या कुशीत शिरते, आईबाप हसतात, आणि हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. नेमक्या या ओळीत कवी त्याला ‘कोरुथाइओलोस’ म्हणत नाही. ‘फाइदिमोस’, म्हणजे तेजस्वी, म्हणतो. योद्ध्याचे विशेषण उतरले आणि बाप उरला, असे मी सांगत असे. विद्यार्थी ते टिपून घेत आणि परीक्षेत लिहीत. त्यांना मी चांगले गुणही दिले आहेत.

हे निरीक्षण चुकीचे आहे. विशेषण बदलले आहे यात शंका नाही. पण त्या बदलावरून जे अनुमान मी काढत होतो, ते काढण्याचा अधिकार मला नव्हता. तो का नव्हता, आणि मग या प्रसंगाविषयी काय म्हणता येते, हे येथे पाहायचे आहे. मौखिक परंपरेतून घडलेल्या महाकाव्यावर निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाची या वळणावर कधी ना कधी गाठ पडतेच.

अशी चूक होण्यामागे आपल्या वाचनसंस्काराचाही हात आहे. संस्कृत काव्यशास्त्रात विशेषण साभिप्राय असले की ‘परिकर’ अलंकार होतो. उलट, प्रकृत अर्थाला पोषक नसलेले पद ‘अपुष्टार्थ’ दोषात जमा होते. मम्मटाने तर असा प्रश्नच उपस्थित केला आहे, की निरर्थक विशेषण हा जर दोष असेल, तर सार्थ विशेषण हा केवळ दोषाचा अभाव ठरेल. त्याला अलंकार का म्हणावे? एका विशेष्याला अशी अनेक विशेषणे जोडली की त्यातून वैचित्र्य निर्माण होते, हे त्याचे उत्तर. या चर्चेत एक गोष्ट गृहीत आहे: प्रत्येक विशेषण कवीने त्या जागेसाठी निवडलेले आहे आणि ते त्याने का निवडले हे विचारता येते. भगवद्गीतेच्या टीकाकारांनी हेच गृहीत धरून अर्जुनाच्या संबोधनांचे अर्थ लावले. ‘गुडाकेश’ म्हणजे निद्रेला जिंकणारा, आणि म्हणून या श्लोकात ते संबोधन योग्य, ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एखादे गृहीतक आहे याचाच विसर पडतो. लिहून, खोडून, पुन्हा लिहिणाऱ्या कवीच्या बाबतीत ते गृहीतक बहुधा टिकते. होमरच्या बाबतीत मात्र ते आधी सिद्ध करावे लागते.

ही अडचण प्राचीनांनाही जाणवली होती. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा पंडित अरिस्टार्कस आणि त्याच्या संप्रदायातील टीकाकार यांच्यापुढे असा प्रश्न होता, की आठव्या सर्गाच्या शेवटी चंद्राभोवती तारे लखलखताना दिसतात, असे असताना चंद्रालाही ‘प्रकाशमान’ कसे म्हटले? चंद्र तेजस्वी असेल तर तारे फिके पडायला हवेत. त्यांचा निर्वाळा असा, की ते विशेषण त्या क्षणाच्या चंद्राचे नाही, चंद्राच्या स्वभावाचे आहे. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजेही होमरच्या काव्यात ‘वेगवान’ असतात, आणि रागाने जहाजांपाशी बसून राहिलेला अकिलीसही ‘पायांनी चपळ’च असतो. हा निर्वाळा सूक्ष्म आहे. परंतु असे का होते याची मीमांसा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

ती मीमांसा मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने पॅरिस येथे १९२८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधांत केली. त्याचे म्हणणे हेक्टरच्याच उदाहरणाने सांगतो, कारण गुरु-लघूंची सवय असलेल्या मराठी वाचकाला ते चटकन उमगेल. होमरची ओळ सहा गणांची. नाव बहुधा ओळीच्या अखेरीस येते आणि त्याच्या आधी किती जागा उरली आहे त्यावर विशेषण ठरते. ‘फाइदिमोस हेक्टर’ या शब्दबंधाची अक्षरे पाच: गुरु, लघु, लघु, गुरु, गुरु. ‘कोरुथाइओलोस हेक्टर’ची सात: लघु, लघु, गुरु, लघु, लघु, गुरु, गुरु. याआधी ‘मेगास’, म्हणजे महान, जोडले की नऊ. वाक्याचा पूर्वार्ध जिथे संपेल, तिथून ओळीच्या शेवटापर्यंतची जागा भरणारा शब्दबंध तयार असतो. पाच अक्षरांच्याच जागी स्वरापासून आरंभ हवा असेल, तर ‘ओब्रिमोस हेक्टर’, म्हणजे बलवान हेक्टर, हाताशी असतो. प्रत्येक प्रमुख वीराच्या आणि देवतेच्या नावाभोवती अशी वेगवेगळ्या मापांची व्यवस्था आहे, आणि एका मापासाठी सहसा एकच शब्दबंध आहे. पॅरीने पहिल्या गुणाला व्याप्ती आणि दुसऱ्याला काटकसर म्हटले. एखादा कवी, कितीही प्रतिभावान असला तरी, अशी व्यवस्था एकट्याने उभारू शकत नाही. तिला गायकांच्या अनेक पिढ्या लागतात, हा त्याचा निष्कर्ष. पुढे १९३३ ते १९३५ या काळात त्याने अल्बर्ट लॉर्डसह युगोस्लाव्हियात जाऊन गुस्ले वाजवत वीरगाथा गाणाऱ्या गायकांची गीते ध्वनिमुद्रित केली. १९३५ मध्येच पॅरीचा मृत्यू झाला, आणि त्या कामाचे सैद्धांतिक फलित लॉर्डच्या १९६० मधील ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथातून पुढे आले.

आता माझ्या निरीक्षणाकडे परत येऊ. सहाव्या सर्गात ‘कोरुथाइओलोस’ हे विशेषण कुठे कुठे येते? ओळ २६३ मध्ये हेक्टर आईला उत्तर देतो, ३५९ मध्ये हेलनला, ४४० मध्ये अँड्रोमकीला. या तिन्ही ठिकाणी संवादाची प्रस्तावना करणारी ठरीव ओळ आहे आणि तिच्या उत्तरार्धात नऊ अक्षरांचा शब्दबंध आहे. ३४२ मध्ये तो पॅरिसला काहीच उत्तर देत नाही, ११६ आणि ३६९ मध्ये बोलून निघून जातो. तिथे सात अक्षरांचा शब्दबंध आहे. म्हणजे हे विशेषण येते ते प्रामुख्याने बोलण्याच्या आणि निघण्याच्या ठरीव ओळींत. शिरस्त्राणाशी त्या ओळींचा काही संबंध नाही.

‘फाइदिमोस’ मात्र एकदा नव्हे, तीनदा आले आहे. ४६६ मध्ये तो मुलाकडे हात पुढे करतो, ४७२ मध्ये शिरस्त्राण काढतो, ४९४ मध्ये ते पुन्हा उचलतो. माझे निरीक्षण इथेच कोसळते. ४६६ मध्ये शिरस्त्राण डोक्यावर आहे; तरीही विशेषण ‘तेजस्वी’. ४९४ मध्ये योद्धा बापाची भूमिका टाकून पुन्हा सज्ज होतो आहे. माझ्या तर्कानुसार ‘झळाळत्या शिरस्त्राणाचा’ हे विशेषण इथे परत यायला हवे होते. आले नाही. कारण अगदी साधे आहे. तिन्ही ओळींत क्रियापद चौथ्या गणाच्या शेवटापर्यंत पोहोचते आणि ऱ्हस्व स्वरावर संपते. त्यापुढे पाचच अक्षरांना जागा उरते आणि त्यांचा आरंभ व्यंजनाने व्हावा लागतो. ही अट ‘फाइदिमोस हेक्टर’ पूर्ण करतो. सात अक्षरांचा शब्दबंध तिथे मावतच नाही. शिवाय ‘फाइदिमोस’ हे खास हेक्टरचे विशेषण नव्हे. आयाससारख्या इतर वीरांनाही ते लागते. ते हेक्टरच्या पितृत्वाविषयी काहीच सांगत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कवी छंदाचा गुलाम होता का? क्रियापद ओळीत आधी घेऊन सात अक्षरांची जागा त्याला मोकळी करता आली नसती का? आली असती. प्रतिभावान गायकाला ओळ फिरवता येते, हे पॅरीनंतरच्या अभ्यासकांनी पुरेसे दाखवले आहे. पण ‘करता आले असते’ आणि ‘मुद्दाम टाळले’ यांच्यात अंतर आहे. मुद्दाम टाळले असे म्हणण्यासाठी नेहमीचा प्रघात मोडलेला दाखवावा लागतो. इथे प्रघात मोडलेला नाही. ऱ्हस्व स्वरावर संपणारे क्रियापद आणि त्यामागून ‘फाइदिमोस हेक्टर’ ही काव्यात इतरत्रही आढळणारी सामान्य रचना आहे. जिथे कवीने नेहमीचेच केले, तिथे त्याच्या हेतूचा पुरावा मिळत नाही. हेतू नव्हता असेही त्यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. पण निबंधात विधान करायचे तर ‘नाकारता येत नाही’ एवढा आधार अपुरा आहे.

एवढे मान्य केल्यावर काही अभ्यासक दुसऱ्या टोकाला जातात. विशेषण जर मापाने ठरत असेल तर ते अर्थशून्य आहे, श्रोते ते ऐकून सोडून देत असत, असे ते म्हणतात. स्वतः पॅरीचा कल पुष्कळसा तिकडे होता. मला हे पटत नाही. ‘कोरुथाइओलोस’ ‘इलियड’मध्ये पस्तीसहून अधिक वेळा येते आणि एकदा युद्धदेव आरेसला लागल्याचा अपवाद सोडला तर ते हेक्टरचेच आहे. परंपरेने हेक्टरच्या नावाशी शिरस्त्राण कायमचे जोडून ठेवले आहे. जॉन माइल्स फोलीने १९९१ मध्ये ‘इमॅनंट आर्ट’ या ग्रंथात मांडले ते असे, की अशा शब्दबंधाचा अर्थ त्या ओळीतून येत नाही; तो परंपरेतल्या समग्र व्यक्तिरेखेला हाक मारतो. म्हणजे विशेषणाला अर्थ आहे, पण तो त्या जागेचा नाही. आपल्याकडे ‘पंढरीनाथ’ म्हणताना पंढरपूरची आठवण मुद्दाम काढायची नसते, तरी पंढरी त्या नावात असतेच, काहीसे तसे.

हा भेद लक्षात ठेवला तर सहाव्या सर्गाविषयी बरेच काही म्हणता येते. मात्र ते विशेषणाच्या निवडीवर उभे न करता प्रसंगाच्या रचनेवर उभे करावे लागते. परंपरेने हेक्टरला शिरस्त्राण दिले ते नावाचा भाग म्हणून. या प्रसंगात कवी त्या नावातली वस्तू बाहेर काढतो, तिला तुरा देतो, तो तुरा हलवतो, मुलाला घाबरवतो, वस्तू जमिनीवर ठेवतो. यासाठी तो सात-आठ ओळी खर्च करतो. शस्त्र चढवण्याचे वर्णन, आतिथ्य, यज्ञ, जहाजाचे प्रस्थान यांच्यासाठी होमरकडे तयार प्रसंगबंध आहेत. वॉल्टर आरेंटने १९३३ मध्ये त्यांची चिकित्सा केली. शस्त्रे चढवण्याच्या बंधात शिरस्त्राण आणि त्यावरचा भयंकर डुलणारा तुरा असतोच. तो तुरा शत्रूला भिववण्यासाठी असतो. इथे त्याच तुऱ्याला भ्यालेले आहे ते स्वतःचे मूल. श्रोत्याला प्रसंगबंध ठाऊक असल्यामुळेच हा उलटा प्रयोग त्याला भिडतो. हे विधान करण्याचा अधिकार मला आहे असे वाटते, कारण कवीने इथे केलेले काम सोयीने झालेले नाही.

प्रसंगाच्या क्रमाविषयीही असेच. हेक्टर नगरात येतो तो आईला अथेनाच्या पूजेचा निरोप देण्यासाठी. तीन स्त्रिया त्याला भेटतात आणि तिघीही त्याला थांबवतात. हेकबी मद्य घे म्हणते, हेलन आसनावर बस म्हणते, अँड्रोमकी बुरुजावरच राहा म्हणते. तिघींनाही तो नकार देतो. ग्रीक अभ्यासक काक्रिडिस याने होमरच्या काव्यातील अशा चढत्या जिव्हाळ्याच्या क्रमाकडे लक्ष वेधले होते. एक आवाहन, एक नकार, हा घटक तीनदा येतो. मौखिक कथनाला तीनाची पुनरावृत्ती सोयीची असते. पण अँड्रोमकीच्या खेपेस तो घटक फुगतो, तिच्या तोंडी आईबाप आणि सात भाऊ गमावल्याची कहाणी येते. हेक्टर आपल्या उत्तरात नगराचा नाश भाकीत करतो, आणि मग शिरस्त्राणाचा प्रसंग येतो. पुनरावृत्तीचा साचा जिथे आतून ताणला जातो तिथे समीक्षकाने थांबावे.

प्रसंगबद्ध रचनेचा दुसरा एक परिणाम लेखकाला भुलवणारा असतो. दूरच्या दोन प्रसंगांत साम्य दिसले की आपण त्याला ‘प्रतिध्वनी’ म्हणून मोकळे होतो. सहाव्या सर्गाच्या शेवटी हेक्टर पत्नीला सांगतो, की घरी जा आणि मागावर बस. बाविसाव्या सर्गात हेक्टर मारला जातो तेव्हा ती खरोखर घराच्या आतल्या दालनात मागावर बसलेली आहे. सोळा सर्ग ओलांडून कवीने धागा जोडला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण जवळजवळ त्याच शब्दांत तिसऱ्या सर्गात हेलनही विणत बसलेली आहे. कुलीन स्त्रीकडे निरोप न्यायचा, तर ती मागावर आढळावी, असा हा बंध दिसतो. तेव्हा केवळ मागावरून काही सिद्ध होत नाही.

फरक आहे तो विणलेल्या चित्रात. दोघींच्या वस्त्रात नक्षी भरल्याचे क्रियापद एकच आहे. हेलन भरते ती तिच्यापायी ट्रोजन आणि अखीयन यांनी सोसलेल्या लढाया. अँड्रोमकी भरते ती रंगीत फुले. बंध समान, त्यातली एकच जागा बदललेली, आणि तो बदल छंदामुळे झालेला नाही. हेलनला युद्ध ठाऊक आहे. अँड्रोमकीला त्या क्षणी ठाऊक नाही. कवी लगेच तसे सांगतोही. हेक्टर परतल्यावर त्याला स्नान करता यावे म्हणून ती दासींना पाणी तापवायला सांगते. नंतर आक्रोश ऐकून ती धावते तेव्हा कवी तिची तुलना उन्मत्त स्त्रीशी करतो. सहाव्या सर्गात ती बुरुजाकडे धावली तेव्हा घरातल्या स्त्रीनेही तिचे वर्णन तसेच केले होते. दोन्ही ठिकाणी चित्र एक आहे, शब्द मात्र वेगळे. हे साम्य मला मागाच्या साम्यापेक्षा अधिक बळकट वाटते. शब्दशः समान ओळ परंपरेतून आपोआप येऊ शकते. शब्द बदलून परत आलेले चित्र त्या मार्गाने येण्याची शक्यता कमी. लिखित वाङ्मयात आपण नेमके उलटे मानतो, तिथे शब्दसाम्य हाच स्मरणाचा पुरावा असतो.

सूत्रांच्या आधारे केले जाणारे आणखी एक विधान थोडक्यात निकालात काढतो. काव्यात सूत्रे दाट आहेत, म्हणून ते गाताना रचले गेले, हे अनुमान आता टिकत नाही. लॅटिनवरून भाषांतरित झालेल्या प्राचीन इंग्रजी काव्यातही सूत्रे तितकीच दाट आढळतात, हे लॅरी बेन्सनने १९६६ मध्ये दाखवले. सूत्रांवरून काव्यशैलीचे मूळ मौखिक होते एवढे म्हणता येते. आपल्यापुढची संहिता कोणी, केव्हा, कशी उतरवली हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. महाभारताच्या संदर्भात, भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती हाताशी असताना, ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. तिथे ‘भरतर्षभ’सारख्या संबोधनांची गणती करून थेट सूतपरंपरेवर उडी घेणारे लेख मी वाचले आहेत.

शेवटी पुन्हा शिरस्त्राणाकडे येतो, कारण त्याची कथा सहाव्या सर्गात संपत नाही. सोळाव्या सर्गात अपोलो पॅट्रोक्लसच्या डोक्यावरचे शिरस्त्राण उडवतो. ते अकिलीसचे असते. कवी तिथे युद्ध थांबवून सांगतो, की अकिलीसचे मस्तक राखणारे ते शिरस्त्राण धुळीने माखावे हे आजवर घडले नव्हते. आता झ्यूसने ते हेक्टरला घालू दिले, आणि हेक्टरचा मृत्यू जवळ आला होता. सतराव्या सर्गात हेक्टर आपली स्वतःची शस्त्रे नगरात पाठवून देतो आणि अकिलीसची चढवतो. म्हणजे मुलाला घाबरवणारे ते शिरस्त्राण त्याच्या मागे ट्रॉयमध्ये राहिले. बाविसाव्या सर्गात तो अकिलीसपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगावर अकिलीसचीच पूर्वीची शस्त्रे आहेत, आणि तरीही ओळ २४९ मध्ये, मग ३३७ मध्ये, आणि प्राण जाताना ३५५ मध्ये कवी त्याला ‘कोरुथाइओलोस’च म्हणतो. यात उपरोध शोधण्याचा मोह अनावर आहे. या तिन्ही ओळी बोलण्याच्या प्रस्तावना आहेत, माप नेहमीचे आहे, विशेषण नेहमीच्या जागी आहे. उपरोध असेल तर तो सोळाव्या सर्गातील त्या सात-आठ ओळींत आहे, जिथे कवी शिरस्त्राणाविषयी आपण होऊन बोलला. यंदाच्या वर्गात मी या दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचल्या, आणि विशेषणाविषयी जे सांगत आलो होतो ते मागे घेतले.